चार भोकांचा बाथ

ऋचाने चिठ्ठी उघडली. आयोडीन क्लॉक. वेगवेगळ्या तापमानांना वेळ मोजा आणि अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा काढा. टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता, त्यात प्रयोग निदान सहा प्रकारचे होते, आणि तिच्या हाताला लागून लागून हाच लागला. मागच्या वर्षी तिला बुडवणारा.

"कुठला आला?" म्हात्रे सरांनी यादीवरून नजर न काढता विचारलं.

"क्लॉक, सर."

आता त्यांनी वर बघितलं. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख महादेव म्हात्रे चष्म्याच्या वरून बघत तेव्हा मुलं आपोआप अॅप्रनची बटणं चाचपत. "बरं," ते म्हणाले. "या वेळी मोजून आण. बनवून नको."

मागे कोणीतरी हसलं. ऋचा खाली मान घालून आपल्या टेबलाकडे गेली.

लॅबचं दार आतून कडी लावून बंद होतं. पेपर संपेपर्यंत बाहेर जायची सोय नव्हती. हवेने वजनकाट्यांचे आकडे हलतात आणि बर्नर विझतात म्हणून पंखे बंद. पश्चिमेच्या खिडक्यांना हिरवी जाळी ठोकलेली, तिच्यातून पनवेलचं एप्रिलचं ऊन गाळून आत यायचं आणि तरी ऊनच राहायचं. हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे, पण वारा मात्र तिकडेच अडायचा. ऋचाला ही खोली पाठ होती. गेलं वर्षभर ती खांदा कॉलनीतल्या घरात, तिसऱ्या मजल्यावर बसून नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती, पण मनाने कुठे असायची तर इथे, याच टेबलापाशी, सरांच्या त्या एका वाक्यासमोर.

ते वाक्य असं होतं: "जर्नलमध्ये सत्तावीस आणि परीक्षेत एकावन्न? आकडे बनवलेस तू."

वर्षभर वर्गात हा प्रयोग एका बाथवर चौघं चौघं असा झाला होता. तेव्हा उत्तर सत्तावीस आलं होतं. सगळ्यांचंच येतं. सक्रियण ऊर्जा म्हणजे अभिक्रिया व्हायला रेणूंना जो उंबरठा ओलांडावा लागतो त्याची उंची. ती या कॉलेजात सत्तावीस किलोज्यूल होती, वर्षानुवर्षं होती, आणि जाणारी बॅच येणाऱ्या बॅचला सांगून जायची, "सत्तावीस आलं की सुटलात." मागच्या वर्षी परीक्षेत मात्र हा प्रयोग त्या बॅचमध्ये ऋचाला एकटीलाच आला. एकटीनेच तिने सगळं केलं आणि एकावन्न आलं. सर म्हणाले, बनवलेस. ती म्हणाली, सर, मी मोजलंय. सर म्हणाले, मग सांग, दुप्पट कसं आलं? तिला सांगता आलं नाही. पुढच्या प्रश्नांना तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. प्रॅक्टिकलमध्ये नापास.

तिच्या वर्गातल्या आभाला पाताळगंगेच्या एका कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाच्या तपासणीत, लागून वर्ष होत आलं होतं. त्याच कंपनीने ऋचालाही तोंडी होकार दिला होता, पण जून महिन्यात हातात पास झाल्याचा कागद हवा. मागच्या जूनलाही हवा होता. "पुढच्या वर्षी या," म्हणाले होते. आणखी एकदा असं कोण म्हणेल?

म्हणून या खेपेला तिने ठरवलं होतं: डोकं चालवायचं नाही. सत्तावीस आणायचं आणि सुटायचं.

तिच्या बाथवर या वेळी आणखी तिघं होते. बाथ म्हणजे पत्र्याची चौकोनी टाकी, आत पाणी, खाली हीटर, वर झाकणाला चार गोल भोकं. एका भोकात एक फ्लास्क. चौघं जण, चार भोकं, हिशेब सरळ. त्या चौघांतला एक गणू. तो आपटा गावाहून रोज यायचा, मोटरसायकलवर, आणि त्याची जीभ परीक्षेतही स्वस्थ बसत नसे.

"ताई, तुमी सीनियर. तुमी सांगाल तसं," तो कुजबुजला. "परसल्फेट भायेरच ठेवायचं ना?"

"बाहेरच. टाइलवर."

"तापवलं तर बिघडतं म्हनतात."

"म्हणतात," ऋचा म्हणाली.

या वेळी तिनेही हे पाठ केलं होतं. एका फ्लास्कमध्ये पोटॅशियम आयोडाइड, त्यात मोजून थायोसल्फेट आणि थोडी स्टार्चची पेज. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेवढंच परसल्फेट. पहिला बाथमध्ये, दुसरा टेबलावर. पहिला तापला की काढायचा, दुसरा त्यात ओतायचा, ओतताक्षणी स्टॉपवॉच दाबायचं आणि पांढऱ्या टाइलवर ठेवून बघत राहायचं.

बघत राहण्यासारखंच असतं ते. दोन्ही द्रव पाण्यासारखे. मिसळले तरी पाण्यासारखेच. आत आयोडीन तयार होत असतं, पण तयार झालं की थायोसल्फेट त्याला गिळतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मग थायोसल्फेट संपतं, आणि पुढचं आयोडीन सुटतं ते थेट स्टार्चला भेटतं. एका पापणीच्या लवण्यात सगळा फ्लास्क शाईसारखा काळानिळा. थायोसल्फेट दर वेळी तेवढंच, म्हणजे तेवढंच अंतर कापायला किती वेळ लागला ते कळलं की वेग कळला. तापमान वाढवलं की वेळ कमी होतो. किती कमी होतो, त्यावरून उंबरठ्याची उंची.

खोलीच्या तापमानाला, एकतीस अंशांना, तिला चौऱ्याऐंशी सेकंद लागले. बाथ चाळीसवर गेला तेव्हा बासष्ट. पंचेचाळीसला त्रेपन्न. पन्नासला पंचेचाळीस. गणूचेही तेच, एखादा सेकंद इकडे तिकडे.

"ताई, आपन दोघं एकाच आईची लेकरं," तो म्हणाला. "आकडे बगा कसे भावाभैनीसारखे."

"गणपत पाटील, तोंड बंद," म्हात्रे सरांचा आवाज आला. "नाहीतर तुलाही बाथमध्ये ठेवीन."

"पाचवं भोक नाय, सर," गणू म्हणाला, आणि सरांनाही क्षणभर हसू आवरेना.

शेवटचं तापमान पंचावन्न. ऋचाने फ्लास्क उचलला, परसल्फेट ओतलं, घड्याळ दाबलं. सगळं नेमकं चाललं होतं. बरोबर याच वेळी तिच्या शेजारच्या मुलाला आपला फ्लास्क भोकातून काढायचा होता, मध्ये बाथचा थर्मामीटर येत होता. "जरा घे ना," तो म्हणाला. तिने डाव्या हाताने थर्मामीटर काढला. टेबलावर ठेवला तर घरंगळून फुटेल. उजव्या हातात स्टॉपवॉच. तिने तो समोरच्या आपल्याच फ्लास्कमध्ये उभा केला, छत्री कोपऱ्यात टेकवावी तसा.

अडतीस सेकंदांवर फ्लास्क काळानिळा झाला. तिने आकडा लिहिला, थर्मामीटर परत ठेवायला हात पुढे केला, आणि सवयीने त्याच्याकडे बघितलं.

पाऱ्याची रेघ त्रेचाळीसच्या जराशी खाली होती.

थर्मामीटर बिघडला की काय? तिने तो बाथमध्ये बुडवला. रेघ चढत चढत पंचावन्नवर जाऊन थांबली. पुन्हा फ्लास्कमध्ये घातला. पुन्हा बेचाळीस.

आता हे इतकं साधं होतं की तिला आधी त्याचा राग आला. पंचावन्नचं अर्धं, एकतीसचं अर्धं. आंघोळीला बादलीत कढत पाणी आणि तेवढंच गार पाणी ओतलं तर पाणी कढत राहतं का? मधोमध येतं. तापलेल्या फ्लास्कमध्ये तेवढंच खोलीतलं परसल्फेट ओतलं की मिश्रण पंचावन्नवर नसतं, त्रेचाळीसवर असतं. आणि तक्त्यात लिहायचं पंचावन्न. सगळे लिहितात पंचावन्न.

तिने चोरून बाजूच्या कागदांकडे बघितलं. गणूने पंचावन्न लिहिलं होतं. बाकीच्या दोघांनीही.

मागच्या वर्षी ती बाथवर एकटी होती. चारही भोकं तिची. तिने पुस्तकात लिहिलंय तसे दोन्ही फ्लास्क आत ठेवले होते. तिने काही वेगळं केलं हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं, म्हणून सरांनी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. चार जणांत चार भोकं आली की प्रत्येकाचा एक फ्लास्क बाहेर राहतो. तो का बाहेर राहतो याला मग कोणीतरी कारण शोधलं: तापवलं तर बिघडतं. आणि उंबरठा अर्धा झाला.

तिचे कान गरम झाले. वर्षभर तिने स्वतःला समजावलं होतं की कुठेतरी आपलाच हात चुकला असेल, घड्याळ उशिरा दाबलं असेल. रात्री पडल्या पडल्या ती ते घड्याळ पुन्हा पुन्हा दाबत असे. शेवटी शेवटी तर तिला खरंच वाटायला लागलं होतं की आपण आकडे बनवले असतील.

"शेवटचा अर्धा तास," सर म्हणाले. "बाथ बंद करा. आता फक्त आलेख."

लॅबचे शिपाई बळीराम मामांनी भिंतीवरचा खटका पाडला. म्हणजे नवीन मोजमाप नाही. होतं त्यातच काय ते.

ऋचाने पहिला आलेख काढला, सगळ्यांसारखा. आडव्या रेषेवर तापमानाचा व्यस्तांक, उभ्या रेषेवर वेगाचा लॉग. पाच बिंदू एका ओळीत, आगगाडीच्या डब्यांसारखे. उतार काढला, वायूच्या स्थिरांकाने, आठ पूर्णांक एकतीसने, गुणलं. सत्तावीस. निकालाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं: सत्तावीस किलोज्यूल प्रति मोल. हातात पासचा कागद आल्यासारखं होतं ते. दार दिसत होतं. कडी काढायची आणि बाहेर.

तिने आणखी एक ग्राफ पेपर मागितला.

"कशाला?" सर म्हणाले.

"चुकला, सर."

सेकंद तेच ठेवले. सेकंदांना काही झालं नव्हतं, ते प्रामाणिक होते. फक्त तापमानं बदलली. चाळीसच्या जागी साडेपस्तीस. पंचेचाळीसच्या जागी अडतीस. पन्नासच्या जागी साडेचाळीस. पंचावन्नच्या जागी त्रेचाळीस. एकतीसचे एकतीसच. बिंदू पुन्हा ओळीत आले, पण ओळ आता कड्यासारखी उभी होती. उताराला गुणायला सुरुवात केली तेव्हाच तिला उत्तर माहीत होतं, तरी तिने कॅल्क्युलेटर दोनदा दाबला.

बावन्न.

मागच्या वर्षीचं एकावन्न आणि हे बावन्न. भावाबहिणीसारखे, गणूच्या भाषेत.

आता चौकट एकच होती आणि आकडे दोन. सरांच्या टेबलावर सकाळीच सही करून पाकिटात घातलेली उत्तरांची यादी, म्हणजे 'की', होती, तिच्यात सत्तावीस होतं. ऋचाला ते पाकीट दिसत होतं. दुसरा आलेख दुमडून अॅप्रनच्या खिशात घातला असता तर कोणालाही कळलं नसतं. जूनमध्ये कागद मिळाला असता. कंपनीत जाऊन ती आयुष्यभर नेमकं मोजू शकली असती.

आणि सरांचं म्हणणं खरं झालं असतं. या वेळी तिने खरोखरच आकडा बनवला असता.

घामाने अॅप्रनची कॉलर मानेला चिकटली होती. तिने वरचं बटण सोडायचा प्रयत्न केला, ते निघेना. मग तिने खोडरबर घेतला.

तिचा नंबर शेवटचा होता. एकेक जण व्हायवा देऊन कडी काढून बाहेर जात होता, आणि प्रत्येक वेळी कडी पुन्हा लागत होती. गणू गेला तेव्हा त्याने तिला लांबून अंगठा दाखवला. लॅबमध्ये मग ती, म्हात्रे सर, आणि अलिबागहून आलेल्या बाहेरच्या परीक्षक प्रमिला कर्णिक मॅडम एवढेच उरले. मॅडमनी दिवसभर हिरव्या जाळीकडे पाठ करून सह्या केल्या होत्या आणि त्या दमल्या होत्या.

"बस. ऋचा ना? सक्रियण ऊर्जा किती आली?"

"बावन्न, मॅडम."

म्हात्रे सरांनी पेन खाली ठेवलं. "परत तेच?"

"परत तेच, सर."

"मॅडम, ही मुलगी मागच्या वर्षीही..." सर थांबले. त्यांनी तिचा कागद ओढून घेतला. "रीडिंग बघा. पन्नासला पंचेचाळीस सेकंद. बरोबर आहेत, सगळ्यांसारखीच आहेत. यातून सत्तावीस येतं. येतंच. हिने तापमानंच बदललीत! साडेपस्तीस? बाथ साडेपस्तीसवर कधी होता?"

"बाथ नव्हता, सर. फ्लास्क होता."

"म्हणजे?"

ऋचाने सांगितलं. थर्मामीटरचं, अर्ध्या अर्ध्याचं. ती आंघोळीच्या बादलीचंही बोलून गेली आणि लगेच वाटलं, नको होतं.  सर बोलले.

"मी चौदा वर्षं हा प्रयोग घेतोय."

"हो, सर."

"चौदा वर्षं सरळ रेषा येते."

"सरळच येते, सर. दोन्ही वेळा. पण उतार वेगळा."

"मग आम्ही सगळे मूर्ख आणि तू शहाणी?"

यावर काय बोलायचं? हो म्हटलं तर उद्धट, नाही म्हटलं तर खोटं. मागच्या वर्षी ती इथेच, याच जागी गप्प झाली होती. 

"सर, बाथ अजून गरम आहे," ती म्हणाली. "दोन्ही फ्लास्क आत ठेवले तर पन्नासला पंचेचाळीस सेकंद लागणार नाहीत. पंचवीसच्या आसपास लागतील. पंचेचाळीस लागले तर मी सत्तावीस लिहीन आणि पुन्हा परीक्षेला बसेन."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता मागे फिरायला जागा उरली नाही. पंचवीस हा आकडा तिने मोजलेला नव्हता. तो तिच्या रेषेने सांगितला होता.

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग सरांकडे. "सर, तुमचा बाथ, तुमचा प्रयोग. तुम्हीच करा ना. तिने हात लावायला नको."

म्हात्रे सर उठले. ते वाईट माणूस नव्हते. मोजमापात ते कोणाचं ऐकत नसत, स्वतःचंही. थोडा वेळ खटका टाकून त्यांनी बाथ बावन्नवर आणला. त्यांनी दोन्ही फ्लास्क भरले, पिपेटने, थेंबाथेंबावर डोळा ठेवून, आणि दोन्ही भोकांत सोडले. झाकणाची दोन भोकं शेजारी शेजारी भरली. ऋचाला वाटलं, किती साधं दिसतं.

मग थांबणं. द्रव तापायला वेळ लागतो, बाथ हळूहळू निवतो.   ऋचाने हात मागे बांधले होते आणि नखं तळव्यात रुतत होती. समजा नाही झालं? समजा परसल्फेट खरंच बिघडतं? सेकंद तिशीच्या पुढे गेले, चाळिशीला टेकले, तर दार ओळखीचं होतं: खांदा कॉलनी, तिसरा मजला, नववीची मुलं, आणि जिन्यात भेटणाऱ्या काकू, "अजून कॉलेजच का गं?"

पारा पन्नासवर आला. सरांनी स्टॉपवॉच मॅडमच्या हातात दिलं. फ्लास्क काढला, दुसरा ओतला, थर्मामीटर या वेळी मिश्रणातच उभा केला.

"एकोणपन्नास," सर पुटपुटले. पाण्यासारखा द्रव. पाण्यासारखाच. ऋचाला त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यामुळे तो क्षण तिने फ्लास्कमध्ये बघितलाच नाही. सरांच्या भुवया वर गेल्या तेव्हा तिला कळलं.

"सव्वीस," मॅडम म्हणाल्या.

टाइलवरचा फ्लास्क शाईसारखा काळा होता.

सर बराच वेळ वाकून थर्मामीटर बघत राहिले. मग त्यांनी भिंतीलगतच्या रिकाम्या कट्ट्याकडे बघितलं. तिथे सिमेंटवर चार गंजके ठसे होते. "इथे दुसरा बाथ होता," ते म्हणाले. आवाज एकदम गावाकडचा झाला होता. "मी लागलो त्या वर्षी. दुरुस्तीला गेला तो काय आला नाय. तेव्हापास्नं एकेकच फ्लास्क ठेवायला लागलो. मीच सांगितलं पोरांना, परसल्फेट बिघडतं. कोनी विचारलं नाय."

"पहिल्या वर्षी तुमचं किती यायचं, सर?" मॅडमनी हळूच विचारलं.

"आठवत नाही," सर म्हणाले. पण त्यांना आठवत असावं, कारण ते पटकन खाली बसले.

आता ऋचाला वाटलं, सुटले. पण मॅडम कपाळ चोळत होत्या. "यात एक अडचण आहे. या गठ्ठ्यात क्लॉकवाल्या सगळ्यांचं सत्तावीस आहे. ही की बदलली तर ते सगळे गेले. नाही बदलली तर ही गेली. मुलं घरी गेलीत, परत बोलावता येणार नाहीत."

ऋचाला गणूचा अंगठा आठवला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या रेषेने त्यांची रेषा पुसली जाणार होती.

"मॅडम, त्यांनी मोजलेलं बरोबर आहे," ती घाईने म्हणाली. "त्यांचे सेकंद माझ्यासारखेच आहेत. त्यांना जे तापमान लिहायला सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. नापास करू नका त्यांना."

"तुझं वर्ष गेलं ना गं?" मॅडम म्हणाल्या. "आणि तू त्यांचं बघतेस."

"म्हणूनच, मॅडम."

म्हात्रे सरांनी पाकीट फोडलं. की बाहेर काढली. सत्तावीसच्या पुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: किंवा बावन्न, तापमान मिश्रणाचे घेतल्यास. खाली सही केली आणि कागद मॅडमपुढे सरकवला.

"एका प्रयोगाला दोन उत्तरं?" मॅडम म्हणाल्या.

"यंदापुरती. पुढच्या वर्षी एकच."

मॅडमनी सही केली. ऋचाच्या कागदावर मार्क पडले ते तिला उलट्या बाजूनेही वाचता आले. ती पास होती.

ती उठली, पण दाराकडे गेली नाही. "सर, मागच्या वर्षीचं?"

सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते म्हातारे दिसत होते. "मागच्या वर्षीच्या कीवर मागच्या वर्षी सही झालीय, ऋचा. ती उघडता येत नाही."

"मार्क नकोत, सर. तुम्ही म्हणाला होतात, मी बनवले."

खिडकीबाहेर एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. तो थांबेपर्यंत सर थांबले.

"मोजले होतेस," ते म्हणाले. तेवढंच. मग कागद आवरायला लागले.

कडी गंजलेली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. बाहेर पायरीवर गणू मोटरसायकलला टेकून उसाचा रस पीत उभा होता. तिच्यासाठीही एक ग्लास धरून होता, त्यातला बर्फ कधीच विरघळला होता.

"एवडा वेळ? मला वाटलं खाल्ली तुमाला. किती लिवलंत? सत्तावीस ना?"

"बावन्न."

"मेलात." त्याने ग्लास मागे घेतला, जसा काही आता तिला द्यायचा नव्हता. "आनि मग?"

"पास."

"मंग आमचं चुकलं?"

"तुमचे सेकंद बरोबर आहेत रे. तापमान चुकलं."

गणू विचारात पडला. "आनि मार्क?"

"मार्क बरोबर आहेत."

"मंग कसलं चुकलं," तो म्हणाला, आणि समाधानाने ग्लास तिच्या हातात दिला.

रस कोमट झाला होता. ऋचाने तो एका दमात प्यायला. अॅप्रन अजून अंगावरच होता. वरचं बटण तिने पुन्हा एकदा ओढून बघितलं, आणि तसाच अॅप्रन घालून ती खांदा कॉलनीच्या रस्त्याला लागली.